रिकाम्या चौकोनाला खो

“कांचे, दाबून दे की गं खो! पाठीवर माशी बसल्यागत काय हात लावतीस?”

हौसाचा आवाज असा होता. तापल्या पत्र्यावर चिंच पडावी तसा टणक, आणि पडल्यावर मागे आंबटगोड हसू. मैदानाच्या ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत तो पोचायचा. मी संघाची कप्तान. पण खो द्यायला मला तिनं शिकवलं. हात पाठीला आणि शब्द तोंडाबाहेर, दोन्ही एकदम. आधी हात मग शब्द, असं चालत नाही. नुसता शब्द तर मुळीच चालत नाही.

सव्वीस वर्षं झाली. तालुक्याच्या अंतिम सामन्याची ती सकाळ. आम्ही यजमान शाळेच्या एका वर्गात कपडे बदलत होतो. तो आवाज माझ्या कानात होता आणि समोर शिंगाडे सर हातात चौकटीचा कागद धरून उभे होते.

“नीट ऐका गं पोरींनो. पंचांनी आपल्याला दोन मिनिटं दिलीत. नाणेफेक झाल्यावर, पहिल्या शिट्टीच्या आधी. दोनच. तिसरं मिनिट मागितलं तर मिळायचं नाही, आपल्यानंतर लगेच मुलांचा सामना आहे.”

आम्ही अकरा जणी होतो. बारावी एकोणीस दिवसांपूर्वी गेली होती.

“आधी कांचन हा कागद वाचेल. चार ओळी आहेत. मग सात जणी आपापल्या चौकोनात बसायचं, नेहमीसारखं, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. चौथा चौकोन रिकामा. तो हौसाचा. कांचन खांबापासून धावत येईल, चौथ्या चौकोनामागं थांबेल, खो देईल आणि तिथं स्वतः बसेल. मग शिट्टी. एक मिनिट सगळं मैदान उभं राहील, तुम्ही बसूनच राहायचं. पुन्हा शिट्टी झाली की संपलं. कळलं?”

“रिकाम्या जागेला खो?” रझियानं विचारलं.

“रिकामी जागाच दाखवायची आहे,” सर म्हणाले. “लोकांच्या काळजाला हात गेला पाहिजे.”

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. अक्षर मुख्याध्यापकांचं होतं, मोत्यासारखं. मी पहिल्या तीन ओळी वाचल्या. नाव, गाव, वय सोळा. सलग दोन वर्षं जिल्ह्यात सर्वोत्तम संरक्षण. चौथी ओळ अशी होती : ‘आमची हौसा हौसेने जगली, हौसेने खेळली आणि हौसेनेच गेली.’

मी कागदाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

“काय गं? अक्षर लागत नाही?”

“लागतंय सर.”

“मग एकदा मोठ्यानं वाच बघू.”

“मैदानावर वाचते की,” मी म्हणाले. सरांना वाटलं मला रडू येतंय. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काळ्या फिती आल्यात का ते पाहायला गेले.

फिती रझियाच्या वडिलांनी शिवल्या होत्या. मुलाणीचाचांचं गावात शिलाईचं दुकान होतं. रझियानं पिशवी उपडी केली. प्रत्येक फितीला टाचणी लावलेली. तेवढ्यात दारातून पंच दाभोळे मास्तर डोकावले. साठीचे, पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात काळ्या दोरीला पितळी शिट्टी. वयाच्या विसाव्या वर्षापासून पंचगिरी करणारा माणूस. फितीकडे बघून ते हळूच म्हणाले, “पोरींनो, टाचणी नको. सूर मारला की ती अंगात शिरते. दोऱ्यानं बांधा. दुखवटा आहे, मान्य. पण खेळ खेळच असतो.”

मग आम्ही अकराही टाचण्या काढल्या आणि एकमेकींच्या डाव्या दंडाला दोऱ्यानं फिती बांधत बसलो. रझियानं माझी बांधली. गाठ मारता मारता तिनं माझा दंड दाबला. जरा जास्तच.

“वाच आणि मोकळी हो,” ती कुजबुजली.

“हौसेनेच गेली म्हणं.”

“असू दे.”

“असू दे? रझे, तुला ठाऊक आहे.”

“मला ठाऊक आहे म्हणूनच सांगते. आज तू तोंड उघडलंस ना, तर उद्यापासून आपल्या गावची एकबी पोर चड्डी घालून मैदानावर दिसायची न्हाई. माझा बाप आधीच म्हणतोय, दहावी झाली, बास. बाकीच्यांचे बाप काय म्हणत असतील? आन ती काय परत येणार हाय का?”

तिचे डोळे भरले होते. पण हात गाठीवरच होते.

आमच्या संघात एक खोड होती. सांगायला हसू येईल अशी. कुठंही, कधीही, कुणी पाठमोरी बसलेली दिसली की मागून जायचं, पाठीवर पंजा टेकायचा आणि ‘खो’ म्हणायचं. ज्या बाईला खो मिळाला तिनं कुरकुर न करता उठायचं आणि आपली जागा द्यायची. वर्गातल्या बाकावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर. हौसानंच सुरू केलेलं. एकदा तिनं मुख्याध्यापकांच्या आईला हळदीकुंकवात खो दिला होता, मागून ओळखू न येऊन. आणि म्हातारी खरंच उठली. “कोन रं, मास्तर आला काय?” म्हणत. महिनाभर आम्ही त्याच्यावर हसत होतो. रुसायचं नाही आणि नाही म्हणायचं नाही, हा नियम. तो आम्ही मैदानापेक्षा कडक पाळला.

एकोणीस दिवसांपूर्वी आम्ही शेजारच्या तालुक्यात सरावाचा सामना खेळून परत येत होतो. माणसं भरून नेणारी वडापची ट्रॅक्स जीप. सर पुढे ड्रायव्हरशेजारी, त्यांच्या मांडीवर सामानाची पिशवी. मागे समोरासमोर दोन बाक आणि मागच्या दाराला पायरी. मला गुणपत्रकावर सह्या घ्यायला उशीर झाला. आले तेव्हा दोन्ही बाक भरलेले. हौसा डाव्या बाकाच्या टोकाला, खिडकीकडे पाठ करून बसलेली, कुणाला तरी काहीतरी सांगत होती. खिडकीची काच नव्हतीच. माझा घोटा मुरगळला होता, पण इतका काही नाही. मी बाहेरूनच खिडकीतून हात घातला, तिच्या पाठीवर पंजा टेकला आणि म्हणाले, “खो.”

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. शब्द संपायच्या आत उठली. खेळात उठायची तशीच, डोकं खाली, गुडघ्यावर जोर देऊन. “जा बाई, कप्तान लोकांचा घोटा मोडलाय,” असं म्हणत ती मागच्या पायरीवर जाऊन उभी राहिली, वरच्या शिडीला धरून. मी बसले. जागा तिच्या अंगानं गरम होती.

फरशीपुलाच्या वळणावर खड्डा आला. जीप एकदाच उडाली. आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडलो आणि हसलो. खरंच हसलो. मग रझियानं मागे पाहिलं.

बाकी जे घडलं ते मी लिहीत नाही. एवढंच की सर रस्त्यावर धावत आले, खाली बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि वर बघून ओरडले, “ही मागं उभी का होती? का होती उभी?” तेव्हा रझिया म्हणाली, “हौसेनं सर. वारं लागतं म्हणून.”

मला वाचवायला ती बोलली. पोलिसांच्या कागदावर तेच गेलं. सरांनाही ते वाक्य हवंच होतं, हे मला फार उशिरा कळलं. चौदा माणसं कोंबलेल्या जीपमध्ये पुढे बसलेला माणूस मागे वळून पाहत नाही तेव्हा त्यालाही काहीतरी धरायला लागतं. गावानं मग त्याला चाल लावली. नावच हौसा. हौस नडली. पोरगी वांड होती. आईनं डोक्यावर बसवली होती.

आई. तिच्यासाठी हे सगळं सांगते आहे.

तानूकाकू डाळिंबाच्या शेडमध्ये फळं निवडायची. हौसा तिला लग्नानंतर अकरा वर्षांनी झाली, म्हणून नाव हौसा. तेराव्याला मी गेले होते. तेव्हा ती भिंतीला टेकून एकच विचारत होती, आल्यागेल्या प्रत्येकीला. “मी सांगितलं नव्हतं का गं तिला, गाडीत बसून ये म्हणून? माझं कधीच कसं ऐकलं न्हाई?” मी समोर बसून होते. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, “तुझं तरी ऐकत व्हती का गं ती?” मी चहाचा कप उचलून आत नेऊन ठेवला.

त्या सकाळी सरांनी तिला सामन्याला बोलावलं होतं. आम्ही फिती बांधून बाहेर आलो, तर ती चुना मारलेल्या रेषेच्या पलीकडे, खुर्च्यांच्या पहिल्या ओळीत बसली होती. बाजूला तिचा भाऊ. पांढऱ्या ठिपक्यांचं लुगडं, पायात चप्पल नाही. मैदानात चप्पल चालत नाही असं तिला कुणीतरी सांगितलं असावं. आम्हाला बघून ती उठली. एकेकीच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवून कानशिलाशी मोडली. माझ्यापाशी जरा थांबली.

“तू तिची कप्तान न्हवं?”

“हो काकू.”

“वाचनार हायस म्हनं.”

“हो.”

“चांगलं वाच. मोठ्यानं वाच. तिला बारीक आवाज आवडायचा न्हाई.” मग माझी फीत सारखी करत म्हणाली, “माझ्या लेकीची चूक झाली. पन तिची अशी मोठी आठवन ठेवताय तुमी लोक. लई हाय.”

माझ्या लेकीची चूक. तिच्या तोंडून ते इतकं साधं आलं, जसं काही तिनं ते पुष्कळदा म्हणून म्हणून गुळगुळीत केलं होतं.

नाणेफेक झाली. समोरच्या संघाच्या कप्तानानं जिंकली आणि संरक्षण घेतलं, म्हणजे पळायचं त्यांनी आणि पकडायचं आम्ही. ध्वनिक्षेपकावरून कुणीतरी जाहीर केलं, ‘दिवंगत खेळाडूस श्रद्धांजली.’ मैदान गप्प झालं. लांब कुठंतरी मुलांच्या संघातला एकजण हसत होता, तोही गप्प झाला.

मी मधल्या रेषेवर उभी राहून वाचू लागले.

“कुमारी हौसा बाळू येडगे. वय सोळा.” माझा आवाज माझ्याच कानाला दुसऱ्याचा वाटला. “शेरेवाडी हायस्कूलच्या संघाचा आधारस्तंभ. सलग दोन वर्षं जिल्ह्यात सर्वोत्तम संरक्षण. खांबाजवळून तिला बाद करणं कुणालाही जमलं नाही.”

चौथी ओळ आली.

मी खुर्च्यांकडे पाहिलं. तानूकाकूनं हात जोडले होते. शिंगाडे सर ओठांनी ती ओळ माझ्याबरोबर म्हणायला तयार होते.

मी कागदाची घडी केली.

“आमची हौसा,” मी म्हणाले, “आमच्यातली होती.” आणि थांबले.

सर पुढे झुकले. रझियानं डोळे मिटले. कुणाला काही कळलं नाही. लोकांना वाटलं, एवढंच लिहिलं असेल. ध्वनिक्षेपकवाल्यानं माझ्यासमोरचा माइक खाली घेतला.

मग सात जणी जाऊन बसल्या. पहिलीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला, तिसरीचं पूर्वेला. चौथा चौकोन रिकामा. चुन्याच्या चार रेषांमध्ये माती, आणि त्या मातीवर हौसाच्या टाचा नाहीत. ती बसली की उजवी टाच जरा उचलायची, उठायच्या तयारीत. आता पाहिलं तर कुणीतरी झाडून घेतल्यासारखी सपाट जागा होती.

मी खांबाजवळ उभी राहिले. धावले. पायांना सवय होती म्हणून धावले. पहिल्या चौकोनाला वळसा, दुसऱ्याच्या मागून, तिसऱ्याच्या समोरून. चौथ्यामागे थांबले.

उजवा हात वर गेला पाहिजे होता. पुढे जाऊन जिथं पाठ असती तिथं टेकला पाहिजे होता. सरावात असाच टेकला होता, हवेवर. पण तो हात आता माझ्या छातीशीच राहिला. तळवा गरम झाला. बाकाच्या जागेसारखा गरम. मी तो मुठीत धरला आणि नुसती म्हणाले, “खो.”

आणि शिट्टी वाजली.

ती कार्यक्रमाची शिट्टी नव्हती. लांब आणि संथ वाजायची ती अजून यायची होती. ही होती आखूड, कडक, एकच फुंक. दाभोळे मास्तरांचा हात आडवा उभारलेला होता. फाऊल. पाठीला हात न लावता खो दिला. चाळीस वर्षांची सवय, आणि डोळा चुकला नाही.

क्षणभर कुणालाच काही समजलं नाही. मग मुलांच्या बाजूनं एक हसू फुटलं, दुसरं फुटलं, आणि कुणीतरी “श्श” केलं. दाभोळे मास्तरांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो अजून आडवाच होता. त्यांनी तो खाली घेतला, शिट्टी तोंडातून काढली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा साठीचा माणूस, पण पोराच्या हातून चेंडू काचेवर गेल्यासारखा उभा राहिला.

शिंगाडे सर लाल झाले होते. “बस! बस तिथं!” असं त्यांनी हातानं खुणावलं. मी चौथ्या चौकोनात बसले. मग लांब शिट्टी झाली आणि सगळं मैदान उभं राहिलं.

एक मिनिट किती मोठं असतं ते मला त्या दिवशी कळलं. पाठीवर पूर्वेचं ऊन. मातीवर माझी सावली, चौकोनाच्या बाहेर डोकं काढून. काहीच आवाज नाही, आणि मग पहिल्या ओळीतून एक बारीक आवाज. तानूकाकू. तिला कुणी सांगितलं नव्हतं की हे मिनिट मुकं ठेवायचं असतं. ती दळताना, शेडमध्ये फळं निवडताना गायची, तशीच, तोंडातल्या तोंडात :

*हौसंची माझी लेक, हौस कुनाची फिटंना,*
*वाट पाहते दारात, पाठमोरी बी दिसंना.*

भावानं तिच्या हातावर हात ठेवला. ती थांबली. दुसरी शिट्टी झाली.

सामन्याचं काय सांगू. आम्ही खेळलो. दाभोळे मास्तर पुढे तासभर जीव ओतून पंच होते, आणि दोनदा आमच्या बाजूचा फाऊल पकडताना त्यांचा हात जरा अडखळला. चौथ्या चौकोनात राखीवमधली सुनंदा बसत होती. तिला खो द्यायची वेळ आली की मी वळसा घालून पाचव्यात द्यायचे. एकदा तसं करताना समोरची पोर निसटली. रझिया चिडली, “अगं चौथी मोकळी हाय की!” मला ते ऐकूच आलं नाही. आम्ही दोन गडी कमी पडून हरलो. सर कुणावर रागावले नाहीत. रागावायचं होतं, पण माझ्या दंडावरची फीत पाहून ते पाठ फिरवून निघून गेले.

मुलांचा सामना सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं विश्रांती होती. दोन माणसं पोत्यातला चुना पाण्यात कालवून पुसट झालेल्या रेषा पुन्हा मारत होती. आमच्या पोरी टाकीपाशी तोंड धूत होत्या. सर टेम्पोवाल्याशी बोलत होते. आता जीप नव्हती. शाळेनं टेम्पो केला होता आणि मागे दोरी बांधली होती.

तानूकाकू मैदानात आली. पायवाट सोडून, सरळ रेषा ओलांडत. चुना मारणारा म्हणाला, “अहो आज्जी, ओलं हाय, पाय उमटंल.” ती चौथ्या चौकोनापाशी थांबली. मी तिथंच होते, बुटाची नाडी बांधण्याचं निमित्त करून.

“हितंच बसायची व्हय गं?”

“हो काकू. हाच तिचा.”

ती उकिडवी बसली. चौकोनाच्या आत नाही, बाहेर, रेषेला लागून.

“तू मघाशी शेवट केलासच न्हाई.”

“हो.”

“का गं?”

मी नाडीला तिसरी गाठ मारली.

“आन त्या म्हाताऱ्यानं शिट्टी कशापायी मारली? तुझं काय चुकलं?”

“फाऊल दिला, काकू.”

“म्हंजी?”

तिला खेळ माहीत नव्हता. सोळा वर्षांत ती एकदाच मैदानावर आली होती, आणि ती आज. मी तिला सांगू लागले. सांगताना बरं वाटलं, कारण नियम सांगता येतात.

“खो नुसता तोंडानं देऊन चालत नाही, काकू. बसलेल्या बाईच्या मागून जायचं, आणि पाठीला हात लावायचा. हात लागला आणि खो म्हटलं की मगच तो खो. हात नाही लागला तर पंच धरत नाहीत. बसणारी उठतच नाही.”

“आन लागला म्हंजी?”

“लागला म्हणजे उठावंच लागतं. बसून राहता येत नाही. नियमच आहे.”

“आवडंना का न आवडंना?”

“हो.”

“दमली असंल तरी?”

“तरी.”

ती मान हलवत राहिली. मग रेषेवरचा ओला चुना बोटाला लागला तो लुगड्याला पुसत म्हणाली, “माझी हौसा तशी गुनाची. नियम म्हटल्यावर ती ऐकायची. नियम तेवढा ऐकायची बग. म्हणूनच मला कळत न्हाई. गाडीत बसून ये म्हटलं व्हतं मी. सकाळी निघताना म्हटलं. तिनं होय म्हटलं. मग उभी का राहिली गं ती? जागा न्हवती का तिला? का मीच तिला वांड केली?”

टाकीकडून रझिया येत होती. तोंडावरचं पाणी पुसत. तिनं आम्हा दोघींना पाहिलं आणि ती थांबली. लांबूनच तिनं मान हलवली. नको, असं. पलीकडे सर हात वर करून हाक मारत होते, “चला गं, टेम्पो आला!”

तानूकाकू माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, संशयही नव्हता. प्रश्न आल्यागेल्या प्रत्येकीला नव्हता, मला एकटीलाच होता. तेराव्याला विचारला तसाच, तीच मी, तोच प्रश्न, आणि उचलून आत नेऊन ठेवायला ह्यावेळी माझ्या हाताशी कप नव्हता.

“काकू,” मी म्हणाले. आवाज बारीकच आला. मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. “काकू, ती वांड नव्हती. जागा होती तिला. ती बसली होती, खिडकीकडे पाठ करून. उशिरा मी आले. बाहेरूनच मी तिच्या पाठीला हात लावला, आणि तिला खो दिला.”